सूर नको, निष्कर्ष बघ

भाऊ, संपादक म्हणून लेखकाला पत्र लिहिताना शोधलेखावरचे परीक्षकांचे शेरे अनिवार्य आणि ऐच्छिक असे वेगळे करायचे असतात. ते वाचताना परीक्षकांचा सूर बाजूला ठेव. शेऱ्याकडे लेखकाने दुर्लक्ष केलं तर निष्कर्ष टिकेल का, एवढंच विचार. नाही टिकत, तर दुरुस्ती अनिवार्य.

समज, रावेरकडच्या केळीवर ठिबकमधून खत देण्याच्या प्रयोगाचा लेख आला. प्रत्येक खतमात्रेला तीन वाफे, वाफ्यात वीस झाडं. पहिला परीक्षक नम्रपणे लिहितो, ‘जमल्यास पुनरावृत्तींची संख्या स्पष्ट करावी.’ वाचायला सूचना वाटते, पण लेखकाने साठ झाडं म्हणजे साठ पुनरावृत्ती धरल्यात. खत वाफ्याला दिलंय, झाडाला नाही. म्हणून पुनरावृत्ती तीनच. वाफ्यांच्या सरासरीवर विश्लेषण नव्याने करायला लागेल, आणि फरक कदाचित उरणारही नाही. हे पत्रात सगळ्यात वर.

दुसरा ठणकावतो, ‘हे पाच संदर्भ घालायलाच हवेत.’ पाचही एकाच लेखकगटाचे! ते ऐच्छिकमध्ये, ‘उपयुक्त वाटल्यास’ म्हणून. (संदर्भ त्या परीक्षकाचेच असल्याचा संशय आला तर मुख्य संपादकांना कळव, लेखकाला नको.)

तोच म्हणतो, आणखी एक हंगाम घ्या. केळीचा हंगाम म्हणजे जवळपास वर्ष. इथे अनिवार्य काय, तर शीर्षकात आणि निष्कर्षात ‘एका हंगामातील’ असं लिहिणं. दुसरा हंगाम ऐच्छिक.

एक म्हणतो प्रस्तावना कापा, दुसरा म्हणतो वाढवा, तर निर्णय तू दे. दोन्ही शेरे तसेच पुढे ढकललेस तर बिचारा लेखक कोणाचं ऐकणार?