अल्बट्रॉस, घिरट्या आणि रहाट

"'अल्बट्रॉस समुद्रावर घिरट्या घालत भक्ष्य शोधतो' असं वाचलं. इथे घिरट्या हा शब्द चालतो का? आणि डायनॅमिक सोअरिंगला मराठीत काय म्हणायचं?"

नाही चालत. घिरट्या घार घालते. जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेत ती त्याच जागेवर गोल फिरत उंच जाते आणि खाली नजर ठेवते. मोठ्या पक्ष्याचं नाव आलं की त्याला घिरट्या चिकटवायच्या, ही सवय माहितीपटांच्या मराठी निवेदनात फार बोकाळली आहे. अल्बट्रॉसला वर चढणारी हवा लागत नाही. त्याला आडवा वाहणारा वारा लागतो, आणि तोही खाली मंद, वर जोरदार असा.

डायनॅमिक सोअरिंग म्हणजे वाऱ्याच्या खालच्या-वरच्या थरांतल्या वेगाच्या फरकावर, पंख न हलवता उडणं. त्यासाठी 'गतिमान भरारी' असा शब्द सुचवला जातो. तो मला मुळीच मान्य नाही. गतिमान नसलेली भरारी कुठली असते? योग्य शब्द या पक्ष्याच्या नावातच दडलेला आहे.

अल्बट्रॉस हे पोर्तुगीज 'अल्काट्राझ'चं बदललेलं रूप. पक्षी पांढरा, म्हणून लॅटिन 'अल्बुस' म्हणजे पांढरा या शब्दाच्या ओढीने 'अल्का'चं 'अल्बा' झालं. अल्काट्राझच्या मुळाशी अरबी आहे, इथवर वाद नाही. पुढे अभ्यासकांचा एक मोठा गट 'अल्-गत्तास', म्हणजे बुडी मारणारा, असं सांगतो. मोठा अल्बट्रॉस बुडी मारण्यात अगदी कच्चा. तो पाण्यावर बसून पृष्ठभागावरचंच उचलतो. यावर ते म्हणतील की नाव आधी पेलिकनसारख्या पक्ष्यांचं होतं. ठीक, मग पेलिकनच्या चोचीखालची पिशवी पाहा आणि दुसरी व्युत्पत्ती पाहा: अरबी 'अल्-कादूस', म्हणजे रहाटाचं गाडगं. पोर्तुगीजमध्ये रहाटाच्या गाडग्याला आजही 'अल्काट्रुझ'च म्हणतात. इतका जवळचा शब्द समोर असताना बुडी कशाला मारायची?

आपला रहाट संस्कृत 'अरघट्ट'वरून आला, प्राकृतात 'अरहट्ट' होऊन. गाडगं रिकामं खाली जातं आणि भरून वर येतं. अल्बट्रॉस नेमकं हेच वाऱ्याशी करतो, फक्त तो भरून घेतो तो वेग.

समजा, लाटेलगत वारा सेकंदाला ५ मीटर आहे आणि १० मीटर उंचीवर सेकंदाला १० मीटर. पक्षी लाटेजवळून हवेच्या तुलनेत सेकंदाला २० मीटर वेगाने वाऱ्याच्या तोंडावर वर निघतो. १० मीटर चढताना गुरुत्वाकर्षण त्याचा वेग १४ वर आणेल. पण वरचा वारा ५ मीटरने जास्त जोरात समोरून येतो, म्हणून हवेच्या तुलनेत वेग १९ भरतो. तिथे तो वळून वारा पाठीशी घेतो आणि खाली झेपावतो. उतरताना वेग साधारण २४ होतो, आणि पाठीमागचा वारा ५ मीटरने मंदावल्यामुळे २९ च्या आसपास जातो. हवेचा विरोध यातला काही भाग खातो, आणि वाट तिरकी असल्याने फायदा इतका पूर्ण मिळत नाही. तरी उरतं ते पुढच्या फेरीला पुरतं. हे सगळं पंख न हलवता, दहाएक सेकंदांत. वाऱ्याच्या थरांतल्या या फरकाचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८८३ मध्येच मांडलं होतं. वारा पडला की रहाट थांबतो आणि पक्षी पाण्यावर बसून राहतो.

म्हणून माझा शब्द 'रहाटभरारी'. 'राहाटी उड्डाण' नको, कारण राहाटी म्हणजे वागण्याची रीत, आणि अर्थ भलतीकडे जाईल.

राहिलं भक्ष्य. ते तो नजरेने शोधतो, हेही अर्धंच खरं. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरच्या भटक्या अल्बट्रॉसांना जीपीएस लावून आणि पोटाचं तापमान नोंदणारं यंत्र गिळायला देऊन अभ्यास झाला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. थंड मासा किंवा माकूळ पोटात गेला की तापमान घसरतं, त्यामुळे पक्ष्याने कुठे खाल्लं ते कळतं. तिथवरची वाट मागे तपासली, तर जवळपास निम्म्या वेळा ती वासावरून आल्यासारखी होती: वाऱ्याला आडवं उडताना एकदम वाऱ्याच्या तोंडावर वळण, किंवा नागमोडी चाल. वास वाऱ्याबरोबर लांबट पट्ट्यात वाहत येतो. वाऱ्याच्या बाजूने उडणारा पक्षी त्या पट्ट्याला समांतर जाऊन चुकेल; आडवा जाणारा एकामागून एक पट्टे कापत जातो. आणि रहाटभरारीला वाऱ्याला आडवं जाणंच सोयीचं. प्रवास आणि शोध एकाच उडण्यात होतात.

तेव्हा वाक्य असं करा: 'अल्बट्रॉस वाऱ्याला आडवा जात नजरेने आणि वासाने भक्ष्य शोधतो.'