आतून तपासण्याआधी: इंटर्नच्या प्रश्नांना उत्तरे

प्रसूतिकक्षात रुजू होणाऱ्या प्रत्येक तुकडीशी मी आतून करायच्या तपासणीविषयी थोडे बोलते आणि त्यानंतर दर वेळी तेच प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून येतात. या वेळी उत्तरेही लिहूनच देत आहे.

प्रश्न: दाखल होताना बाईने संमतिपत्रावर सही केलेली असते. तरी प्रत्येक तपासणीला पुन्हा विचारायचे?

होय, प्रत्येक वेळी. ती सही तुमच्या बोटांसाठी नसते.

प्रश्न: रात्री परिचारिका मोकळी नसते. एकट्याने तपासले तर चालेल का?

चालणार नाही, आणि तपासणारी स्त्री असली तरीही नाही. परिचारिका येईपर्यंत थांबावे. खरोखरच थांबता येण्याजोगी स्थिती नसेल, तर ती एकट्या इंटर्नने हाताळण्याजोगीही नसते, वरिष्ठांना बोलवावे. सोबत कोण होते, त्यांचे नाव केसपेपरवर लिहावे.

प्रश्न: निवासी डॉक्टरांनी तपासले की लगेच आम्हालाही ‘हात घालून बघा’ म्हणतात. नकार दिला तर शिकायचे कसे?

याच प्रश्नासाठी मी हे लिहायला बसले. एका रात्री एका पहिलटकरणीला दोन वाजता तपासले, तेव्हा गर्भाशयाचे मुख 5 सेंटीमीटर उघडलेले होते आणि पाणी गेलेले होते. बाळ-बाळंतीण ठीक असताना पुढची नेहमीची तपासणी 4 तासांनी, म्हणजे सहाच्या सुमारास व्हायची. प्रत्यक्षात निवासी डॉक्टरांचा हात बाहेर येताच एका इंटर्नने आणि तिच्यामागोमाग दुसऱ्याने तपासले. दुसऱ्याच्या वेळी कळ आली. ती बाई टाचा रोवून वर सरकली, तिने मांड्या मिटल्या, पलंगाची कड घट्ट धरली आणि श्वास रोखला. शब्द एकही बोलली नाही. केसपेपरवर नोंद झाली, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’. मी त्या नोंदीखाली लिहिले की तपासण्या तीन झाल्या आणि विचारले गेले एकीसाठीच.

मिटलेल्या मांड्या हा नकार आहे. तो दिसताच हात थांबला पाहिजे, आणि तिने थांबायला सांगितले तर बाहेर आला पाहिजे. ‘सैल सोडा, काही होत नाही’ असे दटावून मिळवलेल्या शांततेला संमती म्हणत नाहीत. शिवाय पाणी गेल्यानंतरची प्रत्येक जादा तपासणी जंतुसंसर्गाची शक्यता वाढवते. म्हणजे तुमच्या शिकण्याची किंमत तिने आणि बाळाने मोजायची, तीही न विचारता.

त्याच बाईच्या बाबतीत काय करता आले असते? एक कळ ओसरल्यावर, हातमोजे चढवण्याआधी आणि तिच्या अंगावर चादर असतानाच, एका इंटर्नने उशाशी उभे राहून स्वतःचे नाव सांगायचे. आपण शिकत आहोत, सहा वाजताच्या तपासणीत डॉक्टरांसोबत आपणही तपासू इच्छितो, म्हणजे एकाऐवजी दोघे तपासतील, आणि ‘नाही’ म्हटल्याने उपचारात फरक पडणार नाही, हेही सांगायचे. ती हो म्हणाली तर लघवीला जाऊन येऊ द्यावे, चादर गरजेपुरतीच बाजूला करावी, बोटे लागण्याआधी तसे बोलावे आणि कळ आली तर थांबावे. मुख किती उघडले ते आधी तिला सांगावे, मग वहीत लिहावे. ती नाही म्हणाली, तर कारण न विचारता आभार मानावेत. बोटांना सेंटीमीटरचा अंदाज प्रतिकृतीवर आधी बसवता येतो. त्यासाठी सहा जणांनी एका बाईला रांगेने तपासण्याची गरज नाही. तुमच्यावर दबाव आला, तर त्याच वेळी युनिटप्रमुखांशी बोला. पाळी संपल्यावर तक्रार केल्याने त्या रात्रीची बाई वाचत नाही.

प्रश्न: भूल दिलेल्या बाईला शिकण्यासाठी तपासले तर तिला कळतही नाही, मग त्रास कसला?

तिला कळत नाही, हाच आक्षेप आहे. जागी असताना, शस्त्रक्रियेच्या संमतीपासून वेगळी, विद्यार्थी तपासतील असे स्पष्ट लिहिलेली संमती तिने दिलेली असेल तरच तपासावे. ‘सगळीकडे असेच चालते’ ही ऐकीव गोष्ट मला सांगू नये. कागद मागा, तो दिसला नाही तर हात मागे घ्या.

प्रश्न: बाई लाजून नाही म्हणते. सासूबाईंना किंवा नवऱ्याला समजावायला सांगावे का?

नाही. संमती तिची आहे. शक्य तर नातेवाइकांना बाहेर थांबवून तिच्याशी एकटीशी बोलावे, कारण लाज म्हणून दिसते त्यामागे आधीच्या तपासणीतली वेदना किंवा अत्याचारही असू शकतो. कुशीवर झोपून तपासणे, लहान स्पेक्युलम किंवा दुसरी डॉक्टर हे पर्याय तिच्यापुढे ठेवावेत आणि तरीही ती नको म्हणाली, तर तपासणी न केल्याने काय कळणार नाही ते सांगून वरिष्ठांना कळवावे.

प्रश्न: बाई स्वतःहून हो म्हणाली, मग तपासायला हरकत नाही ना?

हरकत असू शकते. दिवस भरत आलेल्या बाईला रक्तस्राव होत असेल, तर वार खाली नाही हे सोनोग्राफीने कळेपर्यंत तिने दहा वेळा हो म्हटले तरी बोटे आत घालू नयेत. वार खाली असेल तर एका स्पर्शाने जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी आधी वरिष्ठांना बोलवावे.