दुसऱ्यांदा नापास झालो, हे घरी सांगितलेले नाही

“मी 18 वर्षांचा आहे, आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. आम्ही चार मित्रांनी मिळून ड्रायव्हिंगच्या थिअरी टेस्टची तयारी केली. ते तिघं पास झाले, मी नापास. प्रश्नांमध्ये 44 होते, पण हॅझर्ड परसेप्शनमध्ये, म्हणजे रस्त्याचे व्हिडिओ पाहत धोका दिसला की क्लिक करायचं त्या भागात, 38. बाबा म्हणाले, ‘पुस्तक उघडलंच नसशील,’ आणि त्यांनी लगेच पुढच्या आठवड्यातली तारीख घेतली. त्यातही नापास झालो: 46 आणि 41. घरी मात्र टेस्ट पुढे ढकलली गेली असं सांगितलं. बाबा 2001 मध्ये इथे आल्याबरोबर पहिल्याच फटक्यात पास झाले होते, हे रोज ऐकतो. व्हिडिओ कॉलवर मावशी, आजोबा सगळे विचारतात. मला ॲप्रेंटिसशिपसाठी अर्ज करायचा आहे, तिथे लायसन्स लागतं. दोनदा नापास झाल्याचं त्यांना दिसेल का? मित्रांना तोंड कसं दाखवू?”

तुझ्या पत्रातील गुणांपेक्षा ‘टेस्ट पुढे ढकलली गेली’ हे वाक्य मला अधिक अस्वस्थ करते. नापास होण्याची किंमत 23 पौंड आणि नवी तारीख एवढीच आहे, परंतु या एका वाक्यामुळे तुला आता सरावही लपून करावा लागेल, आणि बाबा ‘नवी तारीख कोणती?’ असे विचारतील तेव्हा दुसरे खोटे शोधावे लागेल. तू हे का केलेस ते मला समजते. ज्या घरात परीक्षेचा निकाल संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांकडे पोहोचतो, त्या घरातले मूल निकाल दडवायला शिकते, आणि यात मी केवळ तुला दोष देणार नाही. तरीही पुढची तारीख घेण्यापूर्वी हे सांगून टाकायला हवे. आधी आईला सांगणे सोपे वाटत असेल तर आईला सांग आणि मग दोघांनी मिळून बाबांशी बोला. बोलताना टेस्ट सेंटरवर मिळालेली दोन्ही निकालपत्रे समोर ठेव, कारण तुझी बाजू त्या कागदांवर स्पष्ट लिहिलेली आहे.

ती बाजू अशी. पहिल्या भागात 50 पैकी 43 लागतात आणि तू तो भाग दोन्ही वेळा पार केला आहेस. पुस्तक न उघडता 44 आणि 46 मिळत नाहीत. तू अडतोस ते दुसऱ्या भागात, जिथे 75 पैकी 44 लागतात, आणि दुसऱ्या वेळी तुला तीन गुण कमी पडले. म्हणजे घरातील सगळी बोलणी तुला जे येते त्याबद्दल चालली आहेत, आणि जे येत नाही त्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही. नापास झाल्यावर किमान तीन कामकाजाच्या दिवसांनंतरचीच तारीख घेता येते, हा नियम आहे. पण नियमाने मिळते म्हणून तीच तारीख घेणे हा उपाय नव्हे. बाबांनी घाईने घेतलेल्या तारखेआधी तू बहुधा पुन्हा पुस्तकच वाचले असशील.

हॅझर्ड परसेप्शनबद्दल एक समज फार पसरलेला आहे, की ही हात किती चपळ चालतो याची परीक्षा आहे आणि जो आधी क्लिक करेल तो जिंकेल. प्रत्यक्षात 14 क्लिपमध्ये मिळून 15 धोके मोजले जातात, 13 क्लिपमध्ये प्रत्येकी एक आणि एका क्लिपमध्ये दोन. प्रत्येक धोक्याला पाचपर्यंत गुण असतात, परंतु ते धोका आकार घेऊ लागल्यापासूनच मिळतात. समजा, रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी आहे. ती नुसती उभी असते तोपर्यंत केलेल्या क्लिकला काहीच गुण नाहीत. तिचा इंडिकेटर लुकलुकू लागतो आणि ती रस्त्यावर येऊ पाहते, तेव्हा गुणांची खिडकी उघडते. त्या क्षणी क्लिक केले तर पाच, आणि जसजसा उशीर होईल तसे चार, तीन असे गुण उतरत जातात. सावध मुलगा गाडी दिसताच क्लिक करतो, आपले काम झाले असे समजून थांबतो, आणि त्याला शून्य मिळते. म्हणून पहिली शंका आली तेव्हा एक क्लिक आणि ती गाडी खरोखर हलू लागली की आणखी एक, अशी सवय लावावी. मात्र सतत किंवा ठरावीक तालात क्लिक करत राहिल्यास त्या क्लिपचे सगळे गुण जातात.

तुझे नेमके काय चुकते ते निकालपत्रातील एकूण आकड्यावरून कळणार नाही. त्यासाठी प्रत्येक क्लिपचे गुण वेगळे दाखवणारा सराव कर आणि ते वहीत लिहीत जा. शून्ये जास्त असतील तर त्या क्लिप पुन्हा पाहा: क्लिक फार लवकर झाले होते, की धोका दिसलाच नव्हता? एक-दोन गुणच जास्त असतील तर तुझी नजर समोरच्या गाडीवर खिळून राहते आणि फुटपाथ, वळण, चौक यांकडे उशिरा जाते. पूर्वी न पाहिलेल्या क्लिपवर सलग काही वेळा पन्नासच्या वर गुण आले, की मगच तारीख घ्यावी. त्या काळात प्रश्नांचा सराव सोडू नकोस, कारण एका भागात नापास झाले तरी दोन्ही भाग पुन्हा द्यावे लागतात.

मित्रांविषयी. ते तुझ्यापुढे गेले असे तुला वाटते, पण थिअरी पास झाल्याने गाडी चालवण्याचे लायसन्स मिळत नाही. त्या निकालाची मुदत दोन वर्षांची असते, आणि तेवढ्यात प्रॅक्टिकल पास न झाल्यास थिअरी पुन्हा द्यावी लागते. प्रॅक्टिकलच्या तारखेसाठी अनेक ठिकाणी महिनोन्महिने थांबावे लागते, त्यामुळे तुम्हा चौघांपैकी लायसन्स आधी कोणाच्या हातात येईल हे आज कोणीच सांगू शकत नाही. अलीकडच्या वर्षांत ब्रिटनमध्ये कारच्या थिअरी टेस्टच्या निम्म्याहून अधिक प्रयत्नांचा निकाल नापास असाच लागतो. तिघांपैकी ज्याच्यावर तुझा सर्वांत जास्त विश्वास आहे त्याला ‘मी हॅझर्डमध्ये दोनदा अडकलो’ असे सरळ सांग आणि त्याच्या शेजारी बसून क्लिप सोडव. तो नुकताच यातून गेला आहे. तो कधी क्लिक करतो ते पाहणे तुला पुस्तकापेक्षा उपयोगी पडेल.

लायसन्सवर थिअरीतील नापासाची नोंद नसते. ॲप्रेंटिसशिप देणाऱ्यांना लायसन्स आहे की नाही हे हवे असते, त्यामुळे ती चिंता सोड आणि अर्ज भर. मात्र लायसन्स कोणत्या तारखेपर्यंत हवे ते त्यांना आधीच विचारून घे.

पुढची तारीख फक्त आई-बाबांना माहीत असू दे. मावशींनी विचारले तर ‘सराव चालू आहे, झाले की मीच सांगेन’ एवढे उत्तर पुरते, आणि ते खरेही आहे.

आता चार शब्द तुझ्या बाबांसाठी. हे त्यांना वाचायला दे. आपण 2001 मध्ये जी टेस्ट दिलीत तिच्यात 35 प्रश्न होते आणि 30 बरोबर आले की पास होता येत असे. हॅझर्ड परसेप्शन नोव्हेंबर 2002 मध्ये सुरू झाले, म्हणजे आपला मुलगा ज्या भागात नापास होतो तो भाग आपण दिलेलाच नाही. आपले यश खरे आहे, परंतु ते त्याच्या अपयशाचे माप होऊ शकत नाही. ‘मी पहिल्याच फटक्यात पास झालो’ हे वाक्य आपण घरात थांबवावे, आणि त्याचे निकाल नातेवाइकांना सांगायचे की नाही हे त्याच्यावर सोडावे. एखाद्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून सरावाच्या 14 क्लिप आपण स्वतः सोडवाव्यात आणि आपल्याला 75 पैकी किती गुण मिळाले ते त्याला दाखवावे.