भगर एकादशीला नाही, नवरात्रात चालते

साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, राजगिरा, दूध, फळं एकादशी आणि नवरात्र, दोन्ही उपवासांना चालतात. घोळ होतो तो भगरीचा. एकादशीला धान्य वर्ज्य, आणि भगर धान्यच, म्हणून बऱ्याच वारकरी घरांत ती त्या दिवशी शिजत नाही. नवरात्रात मात्र भगर-आमटी सर्रास होते. काही घरांत तर धान्य भाजून घेऊन त्याची भाकरीही चालते, त्याला धान्यफराळ म्हणतात.

एकादशी एका दिवसाची, द्वादशीला सकाळी पारणं. नवरात्राचे नऊ दिवस; झेपत नसेल तर उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस धरा. नऊही दिवस धरलेत तर रोज साबुदाणा नको, मला तिसऱ्याच दिवशी जळजळ सुरू झाली होती. जिरं-कोथिंबिरीचं मात्र सासूबाईंना आधी विचारा, घरोघरी वेगळं असतं.