पैगंबरांच्या वचनाची किंवा कृतीची नोंद, म्हणजे हदीस, सहीह म्हणजे अस्सल ठरलेली असूनही मदिनेचे विद्वान इमाम मालिक मदिनेच्या लोकांची प्रथा का धरायचे?

कारण त्यांच्या मते ती प्रथा म्हणजेच एक रिवायत, पैगंबरांपासून पुढे पोचवलेली माहिती होती, फक्त एका माणसाने एकाला सांगितलेली नाही तर अख्ख्या पिढीने पुढच्या पिढीला करून दाखवलेली. पैगंबरांची शेवटची दहा वर्षं मदिनेतच गेली ना.

सगळ्यात भारी उदाहरण त्यांच्या मुवत्ता या हदीस-संग्रहातच आहे. आपले शिक्षक नाफिअ यांच्याकडून ऐकलेली, पैगंबरांचे सहकारी इब्न उमर यांची हदीस ते स्वतः देतात, की विकणारा आणि घेणारा एकमेकांपासून वेगळे होईपर्यंत सौदा मोडू शकतात. सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, एकदम पक्की. आणि लगेच खाली लिहितात की आमच्याकडे याला काही ठरलेली मर्यादा नाही आणि यावर अमलही नाही! म्हणजे बोलणी पक्की झाली की सौदा पक्का, मग दोघं तिथेच तासभर बसले तरी.

त्यांचेच शिष्य शाफिई यांना हे पटलं नाही, हदीस सिद्ध झाली की एका शहराची सवय तिला रद्द करू शकत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि मला त्यात दम वाटतो. पुढे मालिक यांच्या परंपरेतल्या मालिकी विद्वानांनीच फरक केला: अजान, साअ हे धान्याचं माप यासारखी पैगंबरांपासून चालत आलेली प्रथा पक्का पुरावा, पण मदिनेच्या विद्वानांनी नंतर स्वतःच्या इज्तिहादने, म्हणजे स्वतः विचार करून, ठरवलेल्या गोष्टींवर त्यांच्यातच मतभेद.