टोकन आलं, भाव पटला नाही: नकार कसा कळवावा?

प्रश्न: माझा फ्लॅट विकायला काढलाय. ७० लाखांची अपेक्षा आहे, ६७ पर्यंत खाली येईन. एका गिऱ्हाइकाने काल रात्री व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘६२ फायनल. टोकन पाठवलंय. रविवारपर्यंत काही कळवलं नाहीत तर होकार समजतो.’ खात्यात ५१ हजार जमाही झालेत. एजंट म्हणतो, ‘६७ लास्ट’ असं लिहून टाका. ६२ला मला द्यायचा नाही, पण माणूसही सोडायचा नाही. काय लिहू?

उत्तर: काय लिहायचं ते नंतर पाहू. आधी ते ५१ हजार परत करा, आणि आजच करा.

‘रविवारपर्यंत कळवलं नाही तर होकार’ या वाक्याला एरवी फारशी किंमत नाही. समोरच्याने अशी अट घातली म्हणून तुमचं गप्प राहणं होकार ठरत नाही. पण तुमच्या बाबतीत गप्प राहण्याच्या जोडीला पैसे आहेत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ८ प्रमाणे प्रस्तावासोबत देऊ केलेला मोबदला स्वीकारला, तर तो प्रस्तावाचा स्वीकार मानला जातो. न मागता पैसे खात्यात येऊन पडले, यात तुमची संमती नाही हे उघड आहे. मात्र ते महिनाभर तिथेच राहिले, त्यातून तुमचा एखादा हप्ता गेला, की ‘६२ मान्य होते म्हणूनच टोकन ठेवलं’ असं म्हणायला त्याला जागा मिळते. त्याच्या मेसेजखाली सहज म्हणून टाकलेलं अंगठ्याचं चित्रही तो पुरावा म्हणून पुढे करू शकतो.

ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात परत पाठवा. शेऱ्याच्या जागी ‘टोकन परत, व्यवहार ठरलेला नाही’ असं लिहा आणि व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. रोख देऊ नका. एक तर पुरावा राहत नाही, आणि मालमत्तेच्या व्यवहारातली २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला तशीच परत करायलाही आयकर कायद्याची मनाई आहे.

आता एजंटच्या ‘६७ लास्ट’बद्दल. व्यवहार लवकर उरकायला हे वाक्य छान आहे, तुमच्यासाठी नाही. समजा तुम्ही लिहिलंत, ‘६२ नको, ६७ला द्यायला तयार आहे.’ हा नुसता नकार राहत नाही, तो तुमचा नवा प्रस्ताव होतो. गिऱ्हाइकाने पाच मिनिटांत ‘डन’ लिहिलं की करार झाला, असं म्हणायला त्याच्या वकिलाला आधार मिळतो. पैसे कधी द्यायचे, पार्किंग धरून की सोडून, ताबा केव्हा, यातलं काहीच बोलणं झालेलं नसतं. या मुद्द्यांवर करार अपुरा आहे असा बचाव तुम्हाला घेता येईल, पण तो कोर्टात उभं राहून घ्यावा लागेल. साठेखत झालेलं नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. विक्रीचा तोंडी करारही सिद्ध करता आला तर कोर्टात टिकतो, आणि करार इलेक्ट्रॉनिक संदेशांतून झाला एवढ्याच कारणाने तो बाद होत नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर करार प्रत्यक्ष पाळायला लावण्याबाबत कोर्टाच्या मर्जीचा भागही बराच कमी झालाय. असा दावा लावायला त्याला तीन वर्षांची मुदत असते. दावा शेवटी टिकला नाही तरी तो चालू असेपर्यंत दुसरं गिऱ्हाईक फ्लॅटकडे फिरकणार नाही, आणि खरा त्रास हाच असतो.

सर्वोच्च न्यायालयाचा १९५१ चा मॅकफर्सन विरुद्ध अप्पण्णा हा निकाल इथे अगदी चपखल बसतो. खरेदीदाराने एका बंगल्याला सहा हजार देऊ केले. मालकाने तारेने उत्तर दिलं, त्याचा अर्थ असा की दहा हजारांपेक्षा कमी घेणार नाही. खरेदीदाराने दहा हजार कबूल केले, पण तोवर दुसऱ्याने जास्त किंमत देऊ केली होती. न्यायालयाने ठरवलं की मालकाचे शब्द म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नव्हता, अधिक चांगला प्रस्ताव घेऊन या असं आमंत्रण होतं. म्हणून करार झालाच नाही. ‘इतक्याच्या खाली घेणार नाही’ आणि ‘इतक्याला देतो’ यांत एवढं अंतर आहे. पण या निकालाच्या भरवशावर कमी शब्दांत लिहू नका. तिथे मालक जिंकला, तो सर्वोच्च न्यायालयात.

तुम्ही असं लिहा:

‘नमस्कार. तुमचा ६२ लाखांचा प्रस्ताव मला मान्य नाही. पाठवलेले ५१,००० रुपये आज तुमच्याच खात्यात परत केले आहेत. माझी अपेक्षा साठच्या घरातली नाही, सत्तरच्या जवळची आहे. किंमत, पैसे देण्याचे टप्पे आणि ताब्याची तारीख एकत्र धरून सुधारित प्रस्ताव दिलात तर जरूर विचार करेन. हा संदेश माझा विक्रीचा प्रस्ताव नाही. सगळ्या अटी ठरून दोघांच्या सह्यांचा लेखी करार होईपर्यंत कोणताही व्यवहार पक्का झाला असं धरू नये.’

यात ६७ हा आकडा मुद्दामच नाही. तो मनात ठेवा. नेमका आकडा त्याच्याकडून येऊ दे, म्हणजे ‘हो’ म्हणण्याचा अधिकार तुमच्या हातात राहील. शेवटची दोन वाक्यं मेसेज लांबतोय म्हणून गाळू नका, सगळं संरक्षण त्यांतच आहे. आणि तुम्हीच आठवड्याने ‘चला, पक्कं’ असं लिहून बसलात, तर त्यांचा उपयोग संपला.

याला एक दुसरी बाजू आहे, ती एजंट सांगणार नाही. हा मेसेज गेला की ६२चा प्रस्ताव संपला. पुढच्या महिन्यात दुसरं कुणी मिळालं नाही आणि तुम्ही ‘ठीक आहे, ६२ चालतील’ म्हणालात, तर तो तुमचा नवा प्रस्ताव असेल आणि गिऱ्हाईक खुशाल ‘आता ५९’ म्हणू शकेल. म्हणून ६२ अगदीच टाकाऊ वाटत नसतील, तर आज नकार न देता फक्त विचारा: ‘पूर्ण रक्कम किती दिवसांत देऊ शकाल? किमतीत काही वाव आहे का?’ चौकशी म्हणजे नकार नव्हे. त्याने त्याचा प्रस्ताव मोडत नाही. तो रविवारपर्यंतच जिवंत आहे, आणि त्याआधीही गिऱ्हाईक तो मागे घेऊ शकतं, हे मात्र धरून चाला. तुमच्या प्रश्नाचा सूर पाहता ६२ तुम्हाला नकोच आहेत, तेव्हा माझा कौल सरळ नकाराला आहे. टोकन मात्र दोन्ही वाटांनी परतच.

एजंटलाही दोन ओळी लेखी पाठवा: ‘माझ्या वतीने किंमत कबूल करू नये, टोकन घेऊ नये, आलेले प्रस्ताव फक्त मला कळवावेत.’ त्याला सगळं ठरवायचा अधिकार आहे असं तुमच्या वागण्यावरून गिऱ्हाइकाला वाटलं असेल, तर त्याचा शब्द तुमच्यावर लादला जाऊ शकतो. फ्लॅटवर पत्नीचं किंवा भावाचंही नाव असेल, तर मेसेज पाठवण्याआधी त्यांना दाखवा. एकाने नकार द्यायचा आणि दुसऱ्याने फोनवर ‘बघू, होईल’ म्हणायचं, यातूनच घोळ होतात.

गिऱ्हाइकाने पैसे पुन्हा पाठवले तर तुम्हीही पुन्हा परत करा आणि तोच मेसेज त्याच शब्दांत पाठवा. तिसऱ्यांदा आले तर मेसेजवर न थांबता वकिलामार्फत नोटीस द्या.