एक्स-रेत हाडाचा तुकडा वेगळा दिसतोय, मग फ्रॅक्चर नाही कसं?

"मॅडम, मुलगी 11 वर्षांची आहे, खो-खो खेळताना पाय मुरगळला. एक्स-रेत करंगळीच्या बाजूच्या हाडाचा तुकडा सरळ वेगळा झालेला दिसतोय. एका ठिकाणी 3 आठवड्यांचं प्लास्टर सांगितलं, इथले डॉक्टर म्हणतात फ्रॅक्चरच नाही. 2 वर्षांपूर्वी याच पायाचा एक्स-रे काढला होता, त्यात हा तुकडा नव्हता. मग हा आला कुठून?"

मुलांच्या हाडांच्या ओपीडीत मी समुपदेशक म्हणून बसते, म्हणजे डॉक्टरांनी तपासून झालं की ज्या आईवडिलांच्या मनातून शंका जात नाही ते माझ्याकडे येतात. या ताई धायरीहून आल्या होत्या (ओळख पटेल असे तपशील बदललेत). मोबाइलवर एक्स-रेचा फोटो, तो झूम करून करून त्या तुकड्यावरच आणून ठेवलेला, आणि मुलगी शेजारी क्रेप बँडेज बांधून बसलेली. फोटो घरच्या ग्रुपवर फिरून आलेला होता आणि तिथे सगळ्यांचं एकमत झालेलं की क्रॅक आहे.

मी अशा वेळी "काळजी करू नका" म्हणत नाही. समोरच्याला डोळ्यांनी तुकडा दिसतोय, त्याला नुसतं काळजी करू नका म्हटलं की तो म्हणतो यांनी नीट बघितलंच नाही. शिवाय ताईंची शंका अगदी बरोबर जागी होती. पाय आत वळून मुरगळतो तेव्हा त्या हाडाच्या बुडाला चिकटलेला स्नायू आणि तळव्याची पट्टी जोरात ओढली जाते आणि तिथला तुकडा खरंच तुटून निघू शकतो, म्हणजे घोट्याची लचक आणि हे फ्रॅक्चर दोन्ही एकाच प्रकारे पडण्यातून होतात. त्यामुळे प्रश्न उडवून लावायचा नव्हता, तुटलेला तुकडा आणि वाढीचा तुकडा यातला फरक त्यांना स्वतःला दिसायला हवा होता.

मी म्हटलं, "ताई, मोबाइल जरा बाजूला ठेवा आणि चप्पल काढून स्वतःचा पाय बघा. पायाच्या बाहेरच्या कडेवरून करंगळीकडून टाचेकडे बोट फिरवत या, साधारण मध्यावर एक टेंगूळ लागतं हाताला." त्यांना लागलं. ते पाचव्या मेटाटार्सलचं बूड, म्हणजे करंगळीच्या मागच्या लांब हाडाचं घोट्याकडचं टोक. एक्स-रेत तुकडा दिसत होता तो याच जागी. मग म्हटलं, आता तेच टेंगूळ लेकीच्या पायावर शोधा आणि एका बोटाने दाबा. ताईंनी घाबरत घाबरत दाबलं, मुलगी म्हणाली, "तिथे नाही गं आई, वर दुखतंय, इथे," आणि तिने घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या जरा पुढे, खालच्या खळग्यात बोट ठेवलं. सूजही तिथेच होती. ती लिगामेंटची जागा, घोटा मुरगळला की बहुतेक वेळा तीच ताणली जाते.

डॉक्टरांनी आत हेच केलं होतं, पण त्यांचं ते दाबून बघणं 10 सेकंदांत होतं, आईवडिलांना वाटतं नुसता हात लावला आणि सोडून दिलं. खरं तर निम्म्याहून जास्त निर्णय तिथेच होतो. घोट्याच्या दुखापतीत एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवायला डॉक्टर ऑटावा रूल्स म्हणून जे नियम वापरतात, त्यातही या टेंगळावर दाबून दुखतंय का आणि पेशंट 4 पावलं चालू शकतो का हे बघतात. हाड ताजं तुटलंय आणि नेमकं त्या जागी बोटाने दाबल्यावर पोराला काहीच होत नाही असं सहसा होत नाही.

आता तो तुकडा. मुलांचं हाड टोकापर्यंत हाड नसतं, टोकाकडचा काही भाग कूर्चेचा असतो आणि हाड वाढतं ते त्या कूर्चेतून. एक्स-रेत पांढरं दिसतं ते कॅल्शियममुळे, कूर्चेत तो दिसण्याइतका नसतो, म्हणून कूर्चा फिल्मवर काळीच दिसते, जणू तिथे काही नाहीच. दोन पांढऱ्या हाडांच्या मधे वाढीची कूर्चा असली की आपल्याला काळी रेघ दिसते आणि आपण म्हणतो तडा गेला. ही ग्रोथ प्लेट. ताईंनी त्याच फिल्मवर घोट्याच्या वर आडव्या दोन काळ्या रेघाही दाखवल्या, एक नडगीच्या हाडात, एक बाहेरच्या बारीक हाडात. "मग याही तुटल्यात का?" त्याही ग्रोथ प्लेटच होत्या आणि त्या वयाच्या कुठल्याही मुलीच्या घोट्यात दिसतील. डॉक्टरांनी तिथेही रेघेवर बोट दाबून बघितलं होतं, तिथेही दुखत नव्हतं.

पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाला जिथे स्नायू येऊन चिकटतो तिथे वाढीचं एक छोटं वेगळं केंद्र असतं, डॉक्टर त्याला अ‍ॅपोफिसिस म्हणतात. ते सुरुवातीला पूर्ण कूर्चेचं असतं. मुलींमध्ये साधारण 9 ते 11 या वयात त्यात हाड तयार व्हायला लागतं, मुलांमध्ये एक-दोन वर्षं उशिरा, आणि मग पुढच्या 2-3 वर्षांत ते मूळ हाडाला जोडून जातं. म्हणजे एक्स-रेत ते दिसण्याचा काळच मुळात थोडा असतो. ताईंच्या मुलीच्या पायात 2 वर्षांपूर्वी खिळा गेला होता, काही आत राहिलंय का बघायला एक्स-रे काढला होता, तेव्हा ती 9 ची. त्या जागी तेव्हाही हा भाग होताच, फक्त कूर्चेचा होता म्हणून फिल्मवर उमटला नाही. हे ऐकल्यावर ताई जरा सावरून बसल्या, कारण त्यांना सगळ्यात जास्त खात होतं ते हेच, की आधी नव्हता म्हणजे आत्ताच तुटला असणार. मोठ्या माणसांच्या बाबतीत हा विचार बऱ्यापैकी बरोबर ठरला असता, वाढत्या मुलांच्या बाबतीत जुन्या फिल्मशी अशी तुलना फसवते.

मग आम्ही फिल्म लाइटबॉक्सवर लावली, तिरक्या अँगलने काढलेली, त्यात हा भाग सगळ्यात नीट दिसतो. नखाच्या कात्रणासारखा पातळ पापुद्रा, हाडाच्या बाहेरच्या अंगाला चिकटून उभा, आणि मधली काळी रेघ हाडाच्या लांबीच्या दिशेने चाललेली. मी ताईंना हाडावर बोट फिरवून त्याची लांबी कुठल्या दिशेला आहे ते आधी दाखवलं, मग ती रेघ. दोन्ही जवळजवळ एकाच दिशेला जातात. या जागचं फ्रॅक्चर बहुतेक वेळा आडवं जातं, हाडाला काटकोनात, जसं काही हाड आरपार कापलंय. शिवाय पापुद्र्याची कड गुळगुळीत, तिला बारीक पांढरी किनार, आणि ताज्या फ्रॅक्चरची कड टोकदार, ओबडधोबड, किनार नसलेली. दिशा आणि कड या दोन गोष्टी डॉक्टर बघतात, आणि मग बोटाने दाबून आलेलं उत्तर त्याच्याशी जुळतं का ते बघतात. फोनवरच्या फोटोत दिशा कशीबशी कळते, कड अजिबात कळत नाही, म्हणून ग्रुपवर फोटो टाकून निदान होत नसतं हो.

ताईंनी मग विचारलं, "म्हणजे अशी रेघ दिसली की ती नेहमी ग्रोथ प्लेटच समजायची?" नाही, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेते. अ‍ॅपोफिसिस असलेल्या मुलालाही शेजारी खरं आडवं फ्रॅक्चर होऊ शकतं, दोन्ही एकाच फिल्मवर दिसू शकतात. आणि ग्रोथ प्लेटलाच मार लागू शकतो, ती मुलांच्या हाडातली कमकुवत जागा आहे. अशा दुखापतींचे सॉल्टर आणि हॅरिस या डॉक्टरांनी 1963 साली प्रकार पाडलेत आणि त्यातल्या पहिल्या प्रकारात हाड जागचं हललं नसेल तर एक्स-रे अगदी नॉर्मल दिसू शकतो. म्हणजे उलटंही घडतं, फिल्म छान आणि दुखापत मात्र खरी. तेव्हा रेघेवरच बोट ठेवल्यावर पोर कळवळत असेल, सूज तिथेच असेल, तर डॉक्टर फिल्म नॉर्मल असूनही स्प्लिंट किंवा प्लास्टर देतात आणि गरज वाटली तर 10-14 दिवसांनी परत एक्स-रे काढतात, कारण फ्रॅक्चर असेल तर तोवर नवीन हाड भरायला लागलेलं दिसतं. त्यामुळे ज्यांनी प्लास्टर सांगितलं त्यांच्याबद्दल मी ताईंना वाईट काही बोलले नाही. मी फक्त विचारलं, तिथे त्या टेंगळावर दाबून बघितलं होतं का? ताई म्हणाल्या, नाही, फिल्म बघूनच सांगितलं. हा प्रश्न मात्र कुठल्याही डॉक्टरांना विचारावा, मोकळेपणाने: रेघ दिसतेय तिथे दाबल्यावर हिला दुखतंय का?

दुसऱ्या चांगल्या पायाचा एक्स-रे काढून तुलना करू या का, हेही ताईंनी विचारलं. पायाच्या एक्स-रेचं रेडिएशन अगदी थोडं असतं त्यामुळे भीतीचा प्रश्न नाही, आणि शंका उरली असेल तर डॉक्टर काढायला सांगतातही. पण दोन्ही पायांची वाढ महिन्या-महिन्याने एकसारखी असेलच असं नाही, एका पायात पापुद्रा दिसतो आणि दुसऱ्यात अजून नसतो असंही होतं, मग उगाच घोर वाढतो. इथे दिशा, कड, बोट तिन्ही एकच सांगत होते, म्हणून नाही काढला.

घरी जाताना जे सांगितलं ते असं: बँडेज, बर्फ कपड्यात गुंडाळून, पाय उशीवर, आणि झेपेल तसं चालू द्यायचं. दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. 5-6 दिवसांनीही पाय टेकवत नसेल, किंवा दुखणं घोट्याच्या खळग्यातून सरकून टेंगळावर आलं, किंवा सूज वाढली, ताप आला, तर तारखेची वाट न बघता यायचं.

दोन आठवड्यांनी आल्या तेव्हा मुलगी चालत आली. डॉक्टरांनी परत सगळीकडे दाबलं, खळग्यात थोडंसं, टेंगळावर काही नाही. परत एक्स-रे नाही काढला. तिला एकच घाई, खो-खो कधी. डॉक्टरांनी तिथेच दुखऱ्या पायावर लंगडी घालायला लावली, तिसऱ्या उडीला चेहरा वाकडा झाला, म्हणून अजून आठवडाभर थांबायला सांगितलं आणि एका पायावर उभं राहायचा व्यायाम दिला, दात घासताना करायचा.

ताईंना मी दोन्ही फिल्म एकाच फाइलमध्ये ठेवायला सांगितल्या, 9 व्या वर्षाची आणि ही, वर पेनाने वय लिहून. पुढच्या 2-3 वर्षांत त्या पायाला परत काही झालं तर समोरच्या डॉक्टरांना ती दाखवायची, आणि पायाच्या कडेला, त्या टेंगळावर, न पडता-झडता पळताना दुखायला लागलं किंवा बूट तिथे टोचायला लागला तर तेही सांगायचं, कारण याच वाढीच्या केंद्राला ओढ बसून सूज येते, त्याला आयसेलिन म्हणतात, ते फ्रॅक्चर नसतं पण खेळ काही आठवडे कमी करावा लागतो.